बी आणि निरोप

"मॅडम, लेकराले जिता जंतू टोचतेत म्हने. अन् त्या नव्या लशीनं तं मानसाचे जीनच बदलतेत म्हने. मंग यातली कोनती लस सुरक्षित हाय?"

यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की विचारणाऱ्याच्या पहिल्या दोन शब्दांतच तो मला ओळखू येतो. तरीही मी लगेच उत्तर देत नाही. माझा अनुभव असा आहे, की अशा प्रश्नाच्या पोटात दोन-तीन वेगवेगळ्या भीती एकाच गाठीत बांधलेल्या असतात आणि गाठ न सोडवता दिलेले उत्तर घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही.

सुनंदाताईंची (नाव बदलले आहे) गाठ तीन पदरी होती. त्यांचा मुलगा सतरा महिन्यांचा झाला होता आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस द्यायची वेळ आली होती. नवव्या महिन्यातील पहिल्या डोसनंतर त्याला ताप आला होता आणि अंगावर पुरळ उठले होते. त्यातच थोरल्या जाऊबाई तिसऱ्या महिन्याच्या गरोदर होत्या. मुलाच्या अंगातला जिवंत विषाणू जाऊबाईंच्या पोटातल्या बाळापर्यंत गेला तर, ही धास्ती घरात सगळ्यांनाच होती. तिसरा पदर जर्मनीत शिकणाऱ्या भावाचा होता. करोनाच्या एमआरएनए लसीच्या दुसऱ्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीत दुखू लागले होते आणि त्याला दवाखान्यात ठेवावे लागले होते.

मी आधी मुलाचे कार्ड मागितले. "ताप कोणत्या दिवशी आला होता?" त्यांनी बोटांवर मोजले. "टोचलं बुधवारी. ताप आला पुढच्या शुक्रवारी." म्हणजे नवव्या दिवशी.

"ताई, तुम्ही सोयाबीन पेरता. पेरल्या दिवशी शेतात काही दिसते का?"

"नाई. पाच-सात दिवसानं उगवते." त्या थांबल्या. मी काहीही बोलले नाही. मग त्यांनीच सावकाश वाक्य पुरे केले, "म्हंजे त्याले सुईचा ताप नोयता आला. आत उगवल्याचा आला."

इतक्या वर्षांत हीच गोष्ट मी अनेकदा समजावून सांगितली होती, पण इतक्या नेमक्या शब्दांत ती मला कधी मांडता आली नव्हती. तेव्हापासून मी तीच भाषा वापरते. गोवर-रुबेलाची लस हे बी आहे. मूळ विषाणूला प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवून दुबळे केलेले असते. तो शरीरात थोडा वाढतो, पण आजार माजवण्याइतका वाढू शकत नाही. रोगप्रतिकारशक्तीला पूर्ण विषाणू, त्याच्या सगळ्या भागांसह, खऱ्या संसर्गासारखा शिकायला मिळतो आणि म्हणूनच हे संरक्षण दीर्घकाळ टिकते. साधारण सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान शंभरातील पाच ते पंधरा मुलांना ताप येतो आणि काहींना फिकट पुरळ उठते. वजनानुसार पॅरासिटामॉल देऊन, अंगावर हलके कपडे ठेवून ते दोन-तीन दिवसांत उतरते. तापात झटका आला किंवा मूल सुस्त पडले, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.

वेळेचा हा हिशोब धोकाही ओळखून देतो. लस टोचल्यानंतर काही तासांतच तीव्र ताप, उलट्या आणि जुलाब सुरू झाले, तर ते बी उगवल्याचे लक्षण असूच शकत नाही, कारण तितक्यात ते उगवतच नाही. तेव्हा कुपी दूषित झाल्याचा संशय घ्यावा लागतो. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि द्रावकात मिसळल्यानंतर चार तासांच्या आत वापरायची असते, उरलेली टाकून द्यायची असते. म्हणून परिचारिका कुपीवर ती उघडल्याची वेळ लिहिते. ती वेळ पाहण्याचा आणि विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

बी म्हटले की पुढचा प्रश्न जमिनीचा येतो. जिवंत लसीच्या सुरक्षिततेचे मर्म इथेच आहे. कर्करोगाची केमोथेरपी चालू असेल, किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी स्टेरॉइडची मोठी मात्रा दोन आठवडे वा अधिक काळ दिली असेल, तर दुबळा विषाणूही आवरत नाही, म्हणून लस पुढे ढकलतात. आपल्या भागातील सिकलसेलच्या मुलांची गोष्ट उलटी आहे. त्यांना ही लस चालते, पण नुकतेच रक्त दिले असेल तर दात्याच्या रक्तातील प्रतिपिंडे बी उगवण्यापूर्वीच मारून टाकतात. त्यामुळे रक्त दिल्याची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

गरोदर स्त्रीला स्वतःला ही लस देत नाहीत आणि लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात. परंतु लस घेतलेल्या मुलाकडून हा दुबळा विषाणू घरातल्या गरोदर स्त्रीकडे जात नाही. हे सांगून मी सुनंदाताईंना विचारले, "आणि लस न घेतलेल्या मुलाने अंगणवाडीतून खरा रुबेला घरी आणला तर?" गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांत जन्मजात दोष राहू शकतात. सुनंदाताई बराच वेळ मुलाच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. ज्या जाऊबाईंसाठी डोस थांबवला होता, त्यांच्यासाठीच तो द्यायला हवा होता.

भावाचा पदर मी मुद्दाम शेवटच्या भेटीपर्यंत ठेवला होता. एमआरएनए लस म्हणजे बी नव्हे, निरोप आहे. चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळलेला तो निरोप पेशीत शिरतो, पेशी तो वाचून करोना विषाणूच्या काट्यासारखे एकच प्रथिन तयार करते आणि शरीर ते ओळखायला शिकते. जीन पेशीच्या केंद्रकात असतात. निरोप तिथे जातच नाही आणि काही दिवसांत तो मोडून नाहीसा होतो. त्याची वाढ होत नसल्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही ही लस देता येते, फक्त त्यांचे शरीर तो निरोप नीट ऐकेलच असे नसते. इथे जपायचे ते वेगळे. काही मिनिटांत येऊ शकणारी तीव्र ॲलर्जी क्वचित आढळते, म्हणून लस घेतल्यावर थोडा वेळ तिथेच बसवून ठेवतात. दुसरी गोष्ट हृदयाच्या स्नायूच्या सुजेची. तीही विरळ आहे आणि मुख्यतः तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर आठवडाभरात दिसते. छातीत दुखणे, धाप लागणे, धडधड ही तिची लक्षणे. बहुतेक जण बरे होतात, पण काही महिने दमवणारे खेळ टाळावे लागतात. भावाला जे झाले ते खरे होते आणि त्याच्या बहिणीला मी ते स्पष्टपणे सांगितले. मात्र तो धोका त्या लसीचा होता, मुलाच्या लसीचा नव्हे.

"मंग मी घेतली ते?" त्यांनी मोबाइलवरचे प्रमाणपत्र दाखवले. ती कोव्हिशिल्ड होती, एमआरएनए नव्हे. गावोगावी जीन बदलल्याच्या भीतीने झोप उडालेल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर मला हेच नाव दिसले आहे.

पुढच्या लसीकरण सत्रात सुनंदाताईंनी आधी कुपीवरची वेळ वाचली, मग मुलाला मांडीवर धरले. घरी दिनदर्शिकेवर त्यांनी सातव्या दिवसापासून बाराव्यापर्यंत रेघ ओढली होती. तेराव्या दिवशी त्या काळजीने आल्या, "मॅडम, या बारीले ताप आलाच नाई. उगवलं नाई का?"

पहिल्याच डोसने मूल शिकले असेल, तर दुसऱ्या डोसचा विषाणू वाढण्यापूर्वीच संपतो आणि ताप येत नाही. पहिल्या वेळी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे उरल्याने ज्यांच्यात बी उगवलेच नव्हते, अशा काही मुलांसाठी हा दुसरा डोस असतो. हे ऐकल्यावर त्यांनी पिशवीतून कार्ड काढले आणि दुसऱ्या डोसच्या तारखेवर परिचारिकेची सही झाली आहे ना, एवढे माझ्याकडून तपासून घेतले.