केस स्टडीनंतर आभाराचा मेल: पूर्ण विश्लेषण जोडावं का?

प्रश्न: काल नोकरीच्या मुलाखतीत पॅनेलसमोर केस स्टडी मांडली. वेळेअभावी निम्मं विश्लेषण राहिलं. आभाराच्या मेलला ते जोडून पाठवू का?

आभार आजच कळवा, पण फाइल जोडू नका, ती तयार आहे एवढंच सांगा. पॅनेल सगळ्यांना सारख्याच वेळेत तोलतं. न मागता पाठवलेल्या तीस स्लाइड म्हणजे दुसरी संधी घेतल्यासारखं होतं.

मेलचा जीव असतो त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नात. समजा केस डार्क स्टोअरची, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डर पुरवणाऱ्या दुकानवजा गोदामाची होती आणि 'ऑर्डर 20 टक्के घटल्या तर?' याचं उत्तर अर्धवट राहिलं. मग असं लिहा:

"नमस्कार, कालच्या चर्चेबद्दल मनापासून आभार. ऑर्डर घटण्याबद्दलचा आपला प्रश्न मी पुन्हा तपासला. रोज 600 ऐवजी 480 ऑर्डर आल्या, तर ऑर्डरमागे सुटणारे 40 रुपये आणि महिन्याचा 6 लाखांचा स्थिर खर्च धरता महिन्याला 24,000 रुपये तोटा होतो. ना नफा ना तोटा 500 ऑर्डरवर आहे. पूर्ण गणिताची शीट तयार आहे. हवी असल्यास लगेच पाठवते."

तोटा दिसतोय म्हणून आकडा लपवू नका. शिफारस बदलत असेल तर तेही एका वाक्यात सांगा, कारण शीट मागवली की ते कळणारच.

पॅनेलचे मेल आयडी नसतील तर एचआरला लिहून 'कृपया पुढे पाठवावे' म्हणा. आणि कंपनीने दिलेला डेटा शीटमध्ये असेल, तर सर्वांना उघडता येणारी लिंक अजिबात देऊ नका.