केवायसी झालंय तरी एक्स्चेंजमधून पैसे का निघत नाहीत?

प्रश्न: क्रिप्टो विकून वॉलेटमध्ये साडेतीन लाख आलेत. काल संध्याकाळी सातला दीड लाख काढले, ते आले. आज सकाळी एक लाख काढायची रिक्वेस्ट टाकली तर Withdrawal limit exceeded येतंय, लिमिट दोन लाख दाखवतंय. पॅन-आधार तर कधीच दिलंय. मी दादरला भाड्याने राहतो. काय करू?

उत्तर:

आधी शांत व्हा, एवढ्यावरून तरी पैसे बुडाल्यासारखं काही दिसत नाहीये. बॅलन्स वेगळा आणि काढायची मर्यादा वेगळी. पैसे आत टाकताना फारसं कोणी अडवत नाही, खरी चाळणी बाहेर पडायच्या दारात असते, म्हणून हे सगळं विड्रॉल करतानाच कळतं.

तुमचा हिशोब बघा. मर्यादा दोन लाख, काल दीड गेले, उरले पन्नास हजार. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा मागच्या चोवीस तासांची धरतात, तारीख बदलली म्हणजे ती मोकळी झाली असं नसतं, त्यामुळे तुमचे कालचे दीड लाख आज संध्याकाळी सात वाजून गेल्यावरच मोजणीतून बाहेर पडतील. काही एक्स्चेंज मात्र UTC या जागतिक प्रमाणवेळेनुसार दिवस बदलतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. तुमचं तसं असतं तर सकाळी एक लाख निघालेच असते, म्हणजे तुमच्याकडे पहिला प्रकार दिसतोय. आत्ता पन्नासच्या किंचित खाली टाकून बघा, कारण काही जण फीसुद्धा मर्यादेतच धरतात. आणि ॲपमध्ये एखादी रिक्वेस्ट pending पडली असेल तर तीही मोजली जाते, ती रद्द केल्याशिवाय जागा होत नाही.

आता ही मर्यादा ठरते कशावरून, तर केवायसीच्या लेव्हलवरून. नुसता ईमेल-मोबाईल दिला असेल तर काढायला शून्य किंवा नाममात्र, पॅन, आधार आणि सेल्फी झाली की मधली मर्यादा, पत्त्याचा पुरावा दिला की त्याहून मोठी, आणि खूपच मोठी रक्कम असेल तर पैसे आले कुठून ते विचारतात, म्हणजे आयटीआर, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट. नावं आणि आकडे प्रत्येक एक्स्चेंजचे वेगळे असतात, कायद्यात कुठे असा तक्ता दिलेला नाही. कायद्याने एवढंच केलं की मार्च 2023 पासून या कंपन्या मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आल्या, ग्राहकाची ओळख पटवणं आणि संशयास्पद व्यवहार फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक झालं. म्हणून तुमच्याबद्दल जेवढी माहिती पक्की, तेवढीच रक्कम ते बिनधास्त सोडतात.

तुमची गाडी पत्त्याच्या पायरीवर थांबलेली वाटतेय आणि मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांची इथेच वाट लागते. आधार गावच्या पत्त्याचं, बेस्टचं लाईट बिल मालकाच्या नावाने, किंवा चाळीत खोली असेल तर अजून मालकाच्या आजोबांच्या नावाने! असलं बिल अपलोड करू नका, परत येणार. रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स असेल तर ते चालतं का बघा, नाहीतर बँकेत आधी दादरचा पत्ता बदलून घ्या आणि ताजं स्टेटमेंट द्या. बँक मेलवर जी पीडीएफ पाठवते तिला पासवर्ड असतो, ती तशीच टाकली तर समोरच्याला उघडतच नाही आणि तुम्हाला नुसतं unreadable document येतं, मग माणूस फोटो परत परत काढत बसतो.

नावंही अक्षर-अक्षर जुळवून बघा. आमच्या वहिनीचं पॅन माहेरच्या नावाचं, आधार आणि बँक खातं सासरच्या नावाचं, तिची लेव्हल तिथेच लटकली, पॅनवरचं नाव बदलून आल्यावरच पुढे सरकली. वडलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तरी कधीकधी नाट लागते.

घाई असेल म्हणून बायकोच्या किंवा मित्राच्या अकाउंटवर कॉइन टाकून तिथून काढायच्या भानगडीत पडू नका. मर्यादा चुकवायला केलेले तुकडे त्यांच्या सिस्टीमला लगेच दिसतात, मग दोन्ही अकाउंट फ्रीज होऊ शकतात आणि खुलासे देत बसावं लागतं. तुमचं काम खरं तर जवळजवळ आजच होतंय, आत्ता पन्नासच्या आत काढा, आज सातनंतर दीड लाख, आणि फीमुळे थोडं उरलंच तर ते उद्या. एवढ्यासाठी लेव्हल वाढवायचीही गरज नाही, पुढे नेहमी मोठी रक्कम काढायची असेल तरच करा.

एक मात्र बघा, लेव्हल वाढवायला कागद मागतात, पैसे नाही. 'आधी अमुक टक्के डिपॉझिट भरा मग मर्यादा उघडेल' असं कोणी चॅटवर किंवा टेलिग्रामवर सांगत असेल तर ती फसवणूक आहे. एक रुपयाही भरू नका आणि काही भरून झालं असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 ला फोन लावा.