तव्यावरची कोळंबी: बाजूला किती सेकंद?

प्रश्न: तव्यावर तळलेली कोळंबी माझ्याकडून नेहमी रबरासारखी होते. प्रत्येक बाजू नेमकी किती सेकंद ठेवायची आणि ती जास्त शिजली हे कसे ओळखायचे?

उत्तर: सोलल्यावर करंगळीएवढी जाड राहणारी कोळंबी असेल, तर कडक तापलेल्या तव्यावर पहिली बाजू साधारण 60 सेकंद आणि दुसरी 40 सेकंद पुरते. अंगठ्याएवढी जाड असेल तर पहिल्या बाजूला 90 सेकंद आणि दुसरीला जेमतेम एका मिनिटाची गरज असते. दुसरी बाजू नेहमी कमी वेळ ठेवावी, कारण उलटेपर्यंत खालची उष्णता निम्म्याहून अधिक मांसात पोहोचलेली असते.

हे आकडे खरे ठरण्यासाठी कोळंबी कोरडी असावी लागते. घरी अर्धा किलो कोळंबी आणली की सोलून, पाठीतला काळा दोरा काढून ती तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. ती धुतल्यावर मी स्वच्छ फडक्यावर पसरून दोन्ही बाजूंनी टिपून घेते आणि मगच मीठ, हळद व तिखट चोळते. कोकमाचे आगळ किंवा लिंबू लावायचे असेल तर ते तव्यावर टाकण्याच्या पाच-दहा मिनिटे आधीच लावावे, कारण आंबटात अर्धा तास पडलेल्या कोळंबीचे मांस आचेवर जाण्यापूर्वीच पांढरे पडून घट्ट होऊ लागते.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. तो मोठ्या आचेवर रिकामा तापवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब जागीच चरचरून न आटता गोळी होऊन पळू लागला की तवा तयार आहे असे समजावे आणि दोन चमचे तेल सोडावे. तीनशे ग्रॅम कोळंबी मी दोन खेपांत तळते. सुरुवातीच्या काळात एकदा पाहुणे दारात असताना सगळी एकदम टाकली होती. तवा गार पडला, कोळंबीला पाणी सुटले आणि ते आटेपर्यंत पाच मिनिटे गेली, तोवर प्रत्येक कोळंबी आक्रसून शेंगदाण्याएवढी झाली होती. तुमच्याकडेही बहुधा हेच होत असावे, विशेषतः तव्यातून चरचर येण्याऐवजी रटरट ऐकू येत असेल तर. झाकण तर मुळीच ठेवू नये.

कोळंबी तव्याच्या कडेने गोलाकार लावत जावी, म्हणजे पहिली टाकलेली पहिल्यांदा उलटता येते. एकदा ठेवल्यावर तिला हलवू नये. कच्ची कोळंबी राखाडी आणि किंचित पारदर्शक असते आणि तापल्यावर ती अपारदर्शक, गुलाबी होते, हे खरे. पण आपण हळद-तिखट लावतो तेव्हा हा रंग दिसतच नाही, आणि बहुतेकांची गफलत येथेच होते. म्हणून मी डोके काढलेल्या जाड टोकाच्या कापलेल्या तोंडाकडे पाहते. तेथे मसाला कमी चिकटतो. खालून चढणारा पांढरेपणा अर्ध्याच्या थोडा वर आला की उलटावे, आणि दुसऱ्या बाजूने शिजताना मधोमध पारदर्शकपणाची शेवटची पुसट रेघ विरत असतानाच काढून गार ताटात पसरावे. आतली उष्णता उरलेले काम करते. तव्यावरच पूर्ण झालेली कोळंबी पानात पडेपर्यंत जास्त झालेली असते.

जास्त शिजल्याची पहिली खूण आकारात दिसते. कोळंबीचे पोटाकडचे स्नायू पाठीच्या स्नायूंपेक्षा जाड असतात आणि उष्णतेने आक्रसताना तिला आत ओढतात. इंग्रजी सी या अक्षराइतका बाक आला तर ती बेताची शिजली आहे, शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून कडे झाले तर वेळ निघून गेली आहे. पाठ खोल चिरली असेल तर मात्र आकारावर विसंबू नये, कारण चिरलेली पाठ उलगडते आणि वळण फसवे ठरते. दुसरी खूण अशी की काढून ठेवलेल्या कोळंबीखाली ताटात पाणी साचते. तो तिचाच रस असतो. मांसातील प्रथिने आवळली गेली की ती रस बाहेर पिळून टाकतात, आणि पुन्हा शिजवून वा तेल घालून तो परत आत जात नाही. तोडून पाहिल्यास आतील भाग मोत्यासारखा ओलसर न दिसता खडूसारखा कोरडा पांढरा दिसतो.

रवा लावून तळत असाल तर रवा मांसाला थोडे आडोशाला ठेवतो, त्यामुळे दर बाजूला दहा-पंधरा सेकंद अधिक द्यावीत. आणि कोळंबी चिवट न होता उलट पिठासारखी भुसभुशीत लागत असेल, तर तुमच्या तळण्यात दोष शोधू नका. ती बहुतेक वेळा शिळी असते किंवा डोक्यासकट फार वेळ राहिलेली असते, कारण डोक्यातील पाचक रस मांसात उतरून त्याला मऊ पाडतात.