गल्ल्यावर कोण, कागदावर कोण

प्रश्न : वडिलांचं किराणा दुकान चौदा वर्षं मीच सांभाळतोय. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, बहिणीचं लग्न झालंय. दुकान आता माझंच ना?

नाही, वडिलांचं. पॅन, जीएसटी नंबर आणि चालू खातं त्यांच्या नावावर असेल, तर ती त्यांची एकमालकी. चौदा वर्षं शटर उघडल्याने मालकी येत नाही. हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि विचारणाऱ्याला उत्तर आवडत नाही, म्हणून पुढचंही ऐकून घ्या. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टाच्या दुकानात तुमची आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण, चौघांचा वाटा सारखा. ‘बहीण सासरी गेली की तिचा हक्क संपला’ हे पारावरचं कायदेज्ञान आहे. तुमच्या चौदा वर्षांची नोंद कुठेतरी हवी असेल, तर ती वडील हयात असतानाच करावी लागते: हिशेबात दाखवलेला पगार, भागीदारी किंवा मृत्युपत्र. या तिन्हींपैकी तुम्हाला काय बसतं, ते वडिलांना सोबत नेऊन वकिलाकडे ठरवा. एकटे जाऊ नका.

प्रश्न : दुकान मिसेसच्या नावावर काढलं तर टॅक्स वाचेल का?

भांडवल तुमचं असेल, तर त्यावरचा नफा फिरून तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. तिचे स्वतःचे पैसे असतील आणि दुकान खरंच तीच चालवणार असेल, तर गोष्ट वेगळी, सीएंना विचारा.

प्रश्न : मी मालक आहे. गल्ल्यातून घरखर्चाला घेतो, तो पगार म्हणून खर्ची टाकू का?

एकमालकीत मालकाला पगार नसतो. ती उचल, भांडवल खात्यातून वजा करायची. रोज चिठ्ठी लिहा.

प्रश्न : वडील दीड महिन्यापूर्वी वारले. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण. खानावळ बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून आम्ही दोघे भाऊ त्यांच्याच जीएसटी नंबरावर आणि क्यूआर कोडवर चालवतोय. दिवस उरकले की बघू, असं ठरलंय. चालेल ना?

चालणार नाही. आधीच दीड महिना गेलाय.

कराडकडच्या एका खानावळीचे कागद माझ्याकडे आले होते. थोरला भट्टीवर, धाकटा काउंटरवर, सून भाजी आणि किराण्याची यादी बघायची, सही मात्र वडिलांची. वडील गेले. पाचव्या दिवशी खानावळ उघडली आणि काउंटरवरचं ते साउंडबॉक्सचं डबडं ‘एकशे चाळीस रुपये प्राप्त झाले’ म्हणत राहिलं. दिवसाला साधारण नऊ हजार क्यूआरवर यायचे आणि जायचे वडिलांच्या खात्यात. चाळीस दिवसांनी धाकटा मोबाईल नंबर बदलायला बँकेत गेला, बोलता बोलता वडील गेल्याचं सांगितलं आणि खातं तिथल्या तिथे थांबलं. आत तीन लाख साठ हजार. गॅसवाला आणि दूधवाला दारात.

खात्याला नॉमिनी नव्हता. बँकेने मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि सगळ्यांच्या सह्या मागितल्या. बहीण परगावी. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं, आता सही मागायला फोन गेला. साहजिकच ती म्हणाली, ‘आधी हिशेब दाखवा.’ पैसे सुटायला साडेतीन महिने लागले आणि तोवर घरात जे बोललं जायचं ते बोलून झालं होतं.

नॉमिनी असता तर पैसे लवकर निघाले असते, पण ते त्याचे झाले नसते. नॉमिनी सांभाळणारा असतो, वारस वेगळे. हे मी इतक्या वेळा लिहिलंय की आता कंटाळा येतो. ‘आईला नॉमिनी केलंय, काळजी नाही’ असं सांगणारे कमी होत नाहीत.

आता तुमचं. नवा क्यूआर आजच, चालवणाऱ्याच्या खात्याचा, आणि त्या दिवसापासूनचा जमाखर्च वहीत वेगळा. वडिलांच्या सहीचा चेक अजिबात फाडायचा नाही. कोऱ्या चेकवर त्यांनी सह्या करून ठेवल्या असल्या तरी नाही. जीएसटी नंबर पॅनला बांधलेला असतो, तो वारसाला मिळत नाही. चालवणाऱ्याने स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यायची आणि धंदा हाती आल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. तुमचे ते दिवस संपलेत, म्हणून याच आठवड्यात सल्लागाराकडे जा. जुना नंबर रद्द करण्याचा अर्ज REG-16 वारसानेच भरायचा, आणि वडिलांच्या नावावरची कराची बाकीही धंदा पुढे चालवणाऱ्याकडेच येते. पाच टक्के कराच्या खानावळीला इनपुट क्रेडिट नसतंच, तेवढा एक घोर कमी. किराणा दुकान असतं, तर शिल्लक क्रेडिट ITC-02 भरून नव्या नंबरावर आणावं लागलं असतं. जुना नंबर आधीच रद्द करून बसलं, तर तेच क्रेडिट हलवायला धावपळ होते. अन्न परवाना मृत्यूनंतर नव्वद दिवस घरच्यांसाठी चालू धरतात, त्याच्या आत तो नावावर करून घ्या.

या सगळ्याआधी एक काम. नवी नोंदणी दोघांपैकी कोणाच्या नावावर, हे आई आणि बहिणीसमोर ठरवा आणि कागदावर घ्या. नोंदणी एकाच्या नावावर झाली म्हणजे तो एकटा मालक झाला, असं नाही. पण दहा वर्षांनी तो तसंच म्हणणार. भांडी, फ्रीज, डिपॉझिट, उधारी यांची त्या दिवशीची यादी करून चौघांच्या सह्या घ्या. वकील लागेल. त्याची फी भांडणाच्या फीपेक्षा कमीच असते.

प्रश्न : नऊशे नव्याण्णव रुपयांत भागीदारी पत्र मिळतंय. मी आणि बाबा भागीदार. घेऊ का?

नका. असले छापील कागद मी पाहिलेत. नावं बदलली की पत्र तयार. नफा निम्मा, सही दोघांची, आणि कोण काय सांभाळणार याची एक ओळ नाही. भागीदाराला पगार द्यायचा, तर तसं पत्रात लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे कामाचा मोबदला नाही आणि नफा सारखा. म्हणजे पहाटे चारला उठून पीठ मळणारा आणि महिन्यातून एकदा येणारा एकाच मापात. दुसरी मेख दोघांच्या भागीदारीची. एक गेला की उरलेला एकटा, आणि एकट्याची भागीदारी नसते. ‘मृत्यूनंतरही फर्म चालू राहील’ ही ओळ तिथे कामाची नाही. आई किंवा पत्नी तिसरी घ्या, पण दोन गोष्टी समजून. देणी चुकली, तर प्रत्येक भागीदाराच्या घरापर्यंत येतात. आणि फर्मची नोंदणी केली नाही, तर उधारी बुडवणाऱ्यावर फर्मला दावा लावता येत नाही. पत्र स्थानिक वकिलाकडून करून घ्या, आणि खरेदी, स्वयंपाकघर, बँक कोणाकडे, किती रकमेपुढे दोघांची सही, हे त्यात नावानिशी येऊ द्या.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला भागीदार करता येईल?

नाही. सगळ्या भागीदारांच्या संमतीने फक्त फायद्यात सामील करता येईल. अठरा झाल्यावर सहा महिन्यांत भागीदार व्हायचं की नाही, हे त्याने ठरवायचं.

प्रश्न : बाबांचे हात थरथरतात, सही जुळत नाही. चेक परत येतात. मीच त्यांच्यासारखी सही केली तर?

तो गुन्हा आहे, घरातला असला तरी. बँकेत बाबांना घेऊन जा, नव्या सहीचा नमुना द्या किंवा खातं चालवायचा अधिकार लिहून घ्या. आणि लक्षात ठेवा, तो अधिकार ते असेपर्यंतच.