राजीनामा दिलेला राष्ट्राध्यक्ष परकी सैन्य बोलावू शकतो का? येमेनचा पेच

प्रश्न: "येमेनचे हादी जानेवारी २०१५ मध्ये राजीनामा देऊन बसले होते, राजधानीही हातात नव्हती. तरी त्यांनी बोलावलं म्हणून सौदीने बॉम्बहल्ले केले, ते चाललं. आणि युक्रेनच्या हटवलेल्या अध्यक्षाने, यानुकोविचने, सैन्य पाठवा म्हणून रशियाला पत्र दिलं ते मात्र कुणी मानलं नाही. हा सरळसरळ दुटप्पीपणा नाही का?"

थोडा आहे. पण तुम्ही राजीनाम्यावर बोट ठेवलंय, आणि हादींच्या बाजूची सगळ्यात कच्ची कडी ती नाही.

आधी पाया. १९८६ च्या निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की सरकारच्या विनंतीवरून हस्तक्षेप चालू शकतो, बंडखोरांच्या विनंतीवरून नाही. म्हणजे सगळा वाद येऊन थांबतो तो 'सरकार कोण' या प्रश्नावर. याचं जुनं उत्तर सोपं होतं: ज्याच्या ताब्यात देश, तो सरकार. हे उत्तर यादवी युद्धात नेमकं पांगळं पडतं, कारण ताबा कुणाचा यावरूनच तर लढाई चाललेली असते.

आता राजीनामा. हुथी बंडखोरांनी सप्टेंबर २०१४ मध्ये राजधानी सानावर कब्जा केला, जानेवारीत अध्यक्षीय प्रासाद घेतला, आणि २२ जानेवारी २०१५ रोजी हादींनी राजीनामा लिहिला. येमेनच्या घटनेप्रमाणे अध्यक्षाचा राजीनामा संसदेने बहुमताने स्वीकारावा लागतो. तो विषय संसदेपुढे आलाच नाही, कारण ठरलेली बैठकच झाली नाही. (ती संसदही २००३ साली निवडलेली! मुदत केव्हाच उलटलेली, पण दुसरी होती कुठे?) हादी नजरकैदेत होते. २१ फेब्रुवारीला ते निसटून एडनला पोहोचले आणि राजीनामा मागे घेतला. न स्वीकारलेला आणि बंदुकीच्या धाकात लिहिलेला राजीनामा कायद्यात फारसा टिकत नाही.

त्याहून मोठी अडचण मुदतीची आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये हादी निवडून आले तेव्हा मतपत्रिकेवर त्यांचं एकट्याचंच नाव होतं, आणि ती निवड दोन वर्षांच्या संक्रमणकाळासाठी होती. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय संवाद परिषदेने एक वर्ष वाढवून दिलं. ते वर्षही फेब्रुवारी २०१५ मध्ये संपत होतं, आणि सौदीला बोलावणारं पत्र मार्चमधलं आहे. हादींच्या बाजूने उत्तर असं दिलं जातं की आखाती देशांच्या मध्यस्थीने झालेल्या करारानुसार नवा अध्यक्ष सूत्रं घेईपर्यंत संक्रमणकाळ संपत नाही. माझ्या मते हा युक्तिवाद जेमतेम उभा राहतो, कारण दुसऱ्या कुणाकडे याहून बरा दावा नव्हता. हुथींनी ६ फेब्रुवारीला 'घटनात्मक घोषणा' काढून संसद विसर्जित केली होती, पण ती घोषणा ना घटनेतून आलेली, ना मतपेटीतून.

हादींना तारलं ते घटनेने नाही, सुरक्षा परिषदेने. १४ एप्रिल २०१५ च्या ठराव २२१६ मध्ये परिषदेने हादींची वैधता पुन्हा अधोरेखित केली. १४ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, रशिया तटस्थ. पण हा ठराव नीट वाचा: त्यात हुथींवर शस्त्रबंदी आहे, त्यांनी साना सोडावं असं आहे, मात्र सौदी आघाडीला बळ वापरायची परवानगी कुठेही नाही. शिवाय बॉम्बहल्ले सुरू झाले २६ मार्चच्या पहाटे, ठराव त्यानंतर जवळपास तीन आठवड्यांनी. त्यामुळे कायदेशीर भार सगळा २४ मार्चच्या पत्रावर येतो. त्या पत्रात हादींनी लष्करी हस्तक्षेपासह सर्व आवश्यक उपायांनी मदत मागितली आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ५१ वं कलम, म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क, पुढे केला. निव्वळ निमंत्रण पुरेसं असतं तर या कलमाची गरज काय होती?

गरज होती, कारण खरी कच्ची कडी इथे आहे. समजा हादी शंभर टक्के वैध अध्यक्ष होते. तरीही देश यादवी युद्धात असताना सरकारला बाहेरून सैन्य बोलावता येतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांची जुनी संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल लॉ. तिने १९७५ मध्ये जर्मनीतल्या व्हिसबाडेनला ठराव केला होता की यादवीत कुठल्याच बाजूला मदत करू नये. आपलं सरकार कुणाचं हे त्या लोकांनीच ठरवायचं. याला मान्य असलेला अपवाद एकच: समोरच्या बाजूला आधीच बाहेरून मदत मिळत असेल, तर सरकारलाही मदत देता येते. म्हणून आखाती देशांनी इराणचा हात दाखवण्यावर एवढा भर दिला. हुथी हे येमेनीच आहेत, उत्तरेकडच्या सादामधले. मार्च २०१५ पर्यंत इराणची मदत किती होती यावर सगळं अवलंबून आहे, आणि तेव्हा मांडलेला पुरावा मला तोकडा वाटतो. पुढच्या वर्षांत ती मदत वाढली, पण नंतरच्या गोष्टीने आधीच्या हल्ल्याचं समर्थन होत नाही.

यानुकोविचचं थोडक्यात. त्यांना हटवणंही घटनेला धरून नव्हतं. महाभियोगाला ४५० पैकी तीन चतुर्थांश, म्हणजे ३३८ मतं लागत होती. २२ फेब्रुवारी २०१४ ला पडली ३२८. इथवर हादींशी साम्य आहे, आणि तुमचा राग रास्त आहे. पण युक्रेनच्या घटनेत परकी सैन्याला परवानगी देण्याचा अधिकार संसदेकडे आहे. रशियाने ३ मार्चला सुरक्षा परिषदेत दाखवलेल्या पत्रावर तारीख १ मार्च होती, तर युक्रेनच्या क्रिमिया प्रांताच्या संसदेची इमारत बिनाबिल्ल्यांच्या सशस्त्र माणसांनी २७ फेब्रुवारीलाच घेतली होती. संमती आधी लागते. आणि व्यवस्था पूर्ववत करण्यासाठी दिलेल्या संमतीवर कुणी प्रदेश जोडून घेऊ शकत नाही, रशियाने क्रिमिया घेतला तसा.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारलेली नाही, आणि मला ती जास्त खटकते: संमती परत घेता येते का? कायदा हो म्हणतो. काँगो विरुद्ध युगांडा खटल्यात २००५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी ठरावीक सोपस्कारही लागत नाहीत. आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी जुलै १९८७ च्या कराराने भारतीय शांतिसेना बोलावली. प्रेमदासा अध्यक्ष झाल्यावर जून १९८९ मध्ये त्यांनी जुलैअखेर निघा म्हणून सांगितलं. आपण कुरकुरलो, मार्च १९९० उजाडला, पण निघालो. प्रेमदासा कोलंबोत बसून बोलत होते.

हादी सौदीच्या राजधानीत, रियाधमध्ये बसले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आघाडीतल्याच अमिरातीच्या विमानांनी एडनजवळ हादींच्या स्वतःच्या फौजेवर हल्ला केला. ज्याच्या निमंत्रणावर आलात त्याच्याच सैनिकांवर बॉम्ब टाकायला कुठलं निमंत्रण पुरतं? येमेनच्या परराष्ट्र खात्याने निषेध केला. पण आघाडीला दिलेलं निमंत्रण हादींनी मागे घेतलं नाही. यजमानच पाहुण्याच्या घरी राहत असेल तर त्याचा 'हो' किती मोकळेपणाने आलेला, हे तपासायला कायद्याकडे नीटशी कसोटी नाही. एप्रिल २०२२ मध्ये हादींनी सगळे अधिकार रशाद अल-अलीमींच्या अध्यक्षीय परिषदेकडे सोपवले. ती घोषणाही रियाधमधूनच झाली.