चार कॉर्डचे चक्र आणि कोरसची जागा

तुम्ही पाठवलेल्या गाण्यातील सी, जी, ए मायनर, एफ ही कॉर्डची फेरी मी ठाणे ते वाशी लोकलमध्ये ऐकली. ऐरोली येईपर्यंत ती आठ वेळा फिरली आणि कोरस कुठे सुरू झाला हे मला कळले नाही. एक डी मायनर सोडला, तर नवे कॉर्ड शोधू नका. आहेत त्यांतील सी कोरससाठी राखून ठेवा, कारण तो या सुरावटीचे घर आहे आणि चार मात्रांच्या दर चार बारनंतर घरी परतले, तर परतण्याचे सुख उरत नाही.

अंतऱ्यात फक्त ए मायनर आणि एफ, प्रत्येकी दोन बार वाजवा. चाल खालच्या पट्टीत, बोलल्यासारखी ठेवा आणि ओळ पहिल्या मात्रेनंतर सुरू करा. प्री-कोरसला चार बार पुरतात: डी मायनर, एफ आणि मग दोन बार जी. हा जी अधांतरी राहतो, म्हणून कान सीची वाट पाहतो. तिथेच सी वाजवण्याची चूक बहुतेक जण करतात (मीही केली आहे), आणि मग कोरस फिका पडतो.

कोरसमध्ये तुमची मूळ फेरी जशीच्या तशी येऊ द्या, मात्र चाल पहिल्या मात्रेवर, अंतऱ्यातील सर्वांत उंच स्वराच्याही वरून सुरू करा आणि स्वर लांबवा. गिटार बाजूला ठेवून तिन्ही चाली नुसत्या गुणगुणा. त्या एकमेकींत मिसळत असतील, तर दोष कॉर्डचा नसून चालीचा आहे. ड्रम आणि इतर थर तूर्त जोडू नका.