एक E पिवळा, दुसरा राखाडी: मग E आहे की नाही?

«आज ठाणे-वाशी लोकलमध्ये वर्डल खेळताना SPEED टाकलं. पहिला E पिवळा, दुसरा राखाडी आणि D पिवळा. मग ELUDE टाकलं तर पहिला E राखाडी आणि शेवटचा हिरवा! बग आहे का?»

बग नाहीये, उलट SPEEDच्याच ओळीत तुम्हाला खूप काही मिळालेलं. गेम आधी बरोबर जागेवरची अक्षरं हिरवी करतो, मग उत्तरात त्या अक्षराच्या जेवढ्या कॉपी उरल्या असतील तेवढ्याच डावीकडून उजवीकडे पिवळ्या वाटतो, संपल्या की पुढच्याला राखाडी. एसटीत आधी रिझर्व्हेशनवाले बसतात आणि उरलेल्या सीट रांगेतल्यांना मिळतात ना, तसंच. म्हणून एकाच ओळीत एक E रंगीत आणि एक राखाडी दिसला की उत्तरात E किती ते पक्कं कळतं, रंगीत जेवढे तेवढेच, इथे फक्त एक.

आणि तो राखाडी E जागेबद्दलही बोलतो, हे बरेच जण विसरतात. E चौथ्या जागी असता तर तिथे हिरवाच झाला असता, तिसऱ्या जागेचा पिवळा आहे म्हणजे तिथेही नाही. उरल्या पहिली, दुसरी आणि पाचवी.

आता ELUDE बघा, जागांच्या हिशोबात फिट बसतं, पण त्यात E दोन आहेत, म्हणजे ते उत्तर असूच शकत नव्हतं. उत्तर ELUDE असतं तर SPEEDमध्ये दोन्ही E पिवळे आले असते. तुमच्या ELUDEच्या ओळीत उत्तरातला एकुलता E पाचव्या जागी हिरवा झाला, मग पहिल्याला काही उरलंच नाही, डावीकडे असला तरी. त्याऐवजी TRADE टाकलं असतं, आणि समजा उत्तर ABIDE आहे, तर D, E हिरवे आणि A पिवळा आला असता, म्हणजे ABIDE, ABODE, ANODE असे मोजकेच शब्द उरले असते.

खालच्या कीबोर्डवर मात्र भरवसा ठेवू नका, तिथे E रंगीतच दिसत राहतो, किती आहेत ते कळत नाही, ते वरच्या ओळींतच वाचावं लागतं. हार्ड मोडही अडवत नाही, तो हिरवे-पिवळे वापरायला लावतो पण जास्तीचा E टाकू देतो.

उलट बाजूही सांगतो: दोन्ही E रंगीत आले तर "निदान दोन" एवढंच समजायचं, तिसरा असू शकतो. आणि तुम्ही एकच E टाकलात आणि तो हिरवा आला तर दुसऱ्या E बद्दल काहीच कळलेलं नसतं, आमच्या घणसोलीच्या ग्रुपमध्ये यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात. वर्डलची नक्कल केलेल्या काही गेममध्ये मोजणी न करता दोन्ही कॉपी पिवळ्या करतात, तिथे हे लॉजिक चालणार नाही, त्यामुळे नवीन ॲप घेतलं की एक गेम संपल्यावर उत्तर समोर ठेवून डबल अक्षराच्या ओळीचे रंग एकदा ताडून बघा.